चारशे पत्ते आणि एक रिकामा रकाना

३ ऑक्टोबर २०१७, मंगळवार. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीसमोर इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीचे रिचर्ड स्मिथ बसले होते. आठवड्यापूर्वीच त्यांनी मुख्याधिकारीपद सोडलं होतं. अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक प्रौढांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक त्यांच्या कंपनीच्या सर्व्हरवरून चोरीला गेले होते. हे कसं घडलं, असं विचारल्यावर त्यांच्या उत्तराचा गाभा दोन गोष्टींवर आला: एका माणसाची चूक आणि एका यंत्राची चूक. दुरुस्ती करा, हा निरोप पुढे पोचवायचं ज्याचं काम होतं त्या व्यक्तीनं तो पोचवला नाही. आणि नंतर तपासणीच्या सॉफ्टवेअरला तो दोष दिसला नाही.

आदल्याच दिवशी कंपनीनं एका वरिष्ठ अधिकाऱ्याला कामावरून काढलं होतं.

गेली काही वर्षं मी अशा घटनांच्या आढावा बैठकांची इतिवृत्तं लिहितो. काम कारकुनी वाटतं, पण खोलीतलं भांडण कागदावर कोणत्या रूपात उतरतं ते इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या हातात असतं. नव्या मुलांना हे शिकवताना मी इक्विफॅक्सचंच प्रकरण घेतो, कारण त्यावर अमेरिकी संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या समित्यांनी आणि सरकारी लेखापरीक्षण कार्यालयानं इतकं तपशीलवार लिहून ठेवलंय की बैठकीला हजर नसतानाही इतिवृत्त लिहिता येतं. नियम तीनच. नावाऐवजी भूमिका लिहायची. प्रत्येक नोंदीपुढे पुरावा लिहायचा, म्हणजे लॉग, मेल, की नुसती आठवण. आणि 'करायला हवं होतं' हे शब्द वापरायचे नाहीत, कारण जे घडलंच नाही ते घटनाक्रमात बसत नाही.

चौथी गोष्ट नियम म्हणून सांगता येत नाही, ती ठरवावी लागते: शून्य कुठे धरायचं? कंपनीतल्या बहुतेकांच्या मनातलं शून्य २९ जुलै असतं, कारण त्या दिवशी त्यांना कळलं. मी १३ मे धरतो, कारण त्या दिवसापासून लोकांची माहिती बाहेर जाऊ लागली. आपल्याला कळण्याचा क्षण आणि दुसऱ्याचं नुकसान सुरू होण्याचा क्षण यांतलं अंतर हीच या घटनेतली मोजण्यासारखी गोष्ट आहे. शून्य २९ जुलैला धरलं की ती कागदावरून गायब होते.

शून्याला ६७ दिवस – ७ मार्च २०१७, मंगळवार

अपाचे स्ट्रट्स हा जावामध्ये वेबसाइट बांधायचा फुकट मिळणारा सांगाडा. जगभरच्या बँका, सरकारी खाती आणि विमा कंपन्या तो वापरत. त्यात एक दोष असल्याचं त्या दिवशी जाहीर झालं आणि दुरुस्त आवृत्तीही सोबतच आली. दोषाचा नोंदणी क्रमांक CVE-2017-5638, तीव्रता दहापैकी दहा.

दोष समजायला सोपा आहे. ब्राउझर सर्व्हरला फाइल पाठवतो तेव्हा ती कसल्या प्रकारची आहे हे सांगणारी एक ओळ सोबत जाते. त्या ओळीत भलतंच काही लिहिलं तर स्ट्रट्स 'हा प्रकार मला समजला नाही' असा त्रुटीसंदेश तयार करायला घेई, आणि तो तयार करता करता त्या भलत्या मजकुरालाच आज्ञा समजून चालवी. पासवर्ड नको, खातं नको. पाकिटावरचा पत्ता वाचता वाचता टपालखात्यानं त्यात लिहिलेला हुकूम पाळावा, तसं.

या दिवसाच्या नोंदीत इक्विफॅक्सचं काही नाही. तरी ती घटनाक्रमात हवी, कारण ही दुरुस्ती ज्या क्षणी सगळ्यांना कळली त्याच क्षणी चोरांनाही कळली.

६६ दिवस – ८ मार्च

अमेरिकी गृहसुरक्षा विभागाच्या सायबर कक्षाकडून इक्विफॅक्सला इशारा आला. पुरावा: मेल. इतिवृत्तात एवढंच.

६५ दिवस – ९ मार्च, गुरुवार

कंपनीच्या धोका आणि दोष व्यवस्थापन गटानं हा इशारा ४०० हून अधिक जणांना मेलनं पाठवला. ज्याच्याकडे स्ट्रट्स आहे त्यानं ते ४८ तासांत दुरुस्त करावं, असं धोरण होतं आणि मेलमध्येही तसंच लिहिलं होतं.

इथे थांबायला हवं, कारण वॉशिंग्टनमधल्या त्या उत्तराची मुळं या दिवसात आहेत.

इक्विफॅक्सकडे ऑटोमेटेड कन्झ्युमर इंटरव्ह्यू सिस्टिम नावाची प्रणाली होती. कंपनीत तिला नुसतं एसीआयएस म्हणत. आपल्या पतअहवालात चूक आहे असं ज्या ग्राहकाला वाटे तो तिथे तक्रार करी आणि सोबत कागदपत्रं जोडी. मूळ रचना १९७०च्या दशकातली. तिच्यावर पुढे इंटरनेटचा दर्शनी भाग चढवला होता, आणि त्या दर्शनी भागात स्ट्रट्स होतं. ते तिथे आहे हे माहीत असलेल्या डेव्हलपरचं नाव त्या ४०० जणांच्या यादीत नव्हतं. त्याच्या वरच्या माणसाचं होतं. त्यानं मेल पुढे पाठवली नाही.

बैठकीत या ओळीपाशी सगळ्यांचे श्वास मोकळे होतात, हे मी अनेकदा पाहिलंय. सापडलं. दोषी सापडला. आता चहा मागवा. मी नेमकं तेव्हाच पेन खाली ठेवतो आणि विचारतो: या माणसाच्या जागी दुसरा सरळ, कामसू, तितकाच व्यस्त माणूस असता तर मेल पुढे गेली असती का?

उत्तरासाठी धोरण उघडावं लागतं. मिळालेली सूचना पुढे पाठवणं हे कुणाचं काम आहे, असं त्या धोरणात स्पष्ट नव्हतं. प्रत्येक प्रणालीला व्यवसायाच्या बाजूनं एक मालक, यंत्रणेच्या बाजूनं एक आणि अनुप्रयोगाच्या बाजूनं एक असे तीन मालक असावेत, असं कागदावर होतं. एसीआयएससाठी ते औपचारिकपणे नेमलेलेच नव्हते. कोणत्या सर्व्हरवर कोणतं सॉफ्टवेअर बसवलंय याची संपूर्ण यादीही कंपनीकडे नव्हती. सूचना पाठवणाऱ्या गटाला स्ट्रट्स कुठे आहे हे माहीत नसल्यामुळेच तर चारशे जणांना मेल करावी लागली! चारशे जणांना गेलेली मेल ही जाहीर दवंडी असते. दवंडी ऐकून घराबाहेर आला नाही म्हणून एकाच गावकऱ्याला शिक्षा करता येत नाही.

मग नोंद अशी होते: 'सूचना ४०० हून अधिक पत्त्यांवर गेली. एसीआयएसमध्ये बदल करू शकणाऱ्या भूमिकेचा पत्ता यादीत नव्हता. यादी आणि प्रणालींची नोंदवही यांची सांगड घालणारी व्यवस्था आढळली नाही.' 'विसरला', 'दुर्लक्ष केलं', 'गाफील राहिला' या क्रियापदांत निकाल दडलेला असतो. 'नव्हता' आणि 'आढळली नाही' यांत फक्त स्थिती असते, आणि स्थिती दुरुस्त करता येते.

६४ दिवस – १० मार्च, शुक्रवार

कुणीतरी बाहेरून एसीआयएसवर हा दोष चालतो का ते पाहिलं. आज्ञा दिली ती एवढीच:

```
whoami
```

'मी कोण?' असं सर्व्हरला विचारायचं. आपण कोणत्या खात्याच्या नावानं आत आहोत हे सर्व्हर सांगतो, आणि उत्तर आलं याचाच अर्थ दार उघडं आहे. त्या दिवशी चोरी झाली नाही. ही नोंद महिन्यांनी, मँडियंट या तपाससंस्थेला लॉग चाळताना सापडली. म्हणून माझ्या तक्त्यात वेळेचे दोन रकाने असतात: 'घडलं केव्हा' आणि 'आम्हाला कळलं केव्हा'. या ओळीत पहिला रकाना मार्चचा आणि दुसरा चोरी उघडकीला आल्यानंतरचा. एकच रकाना ठेवला तर वाचणाऱ्याला वाटतं, १० मार्चला दार वाजत होतं आणि आतले लोक बसून ऐकत होते. तसं झालं नव्हतं.

शिवाय ४८ तासांची मुदतही अजून उलटली नव्हती. मेल गुरुवारची, दारावरची थाप शुक्रवारची. धोरण अक्षरशः पाळलं गेलं असतं तरी ही थाप पडलीच असती. सगळा दोष 'मुदत पाळली नाही' यावर टाकणाऱ्यांना ही ओळ अडचणीची ठरते.

५९ दिवस – १५ मार्च

सुरक्षा गटानं कंपनीच्या बाहेरून दिसणाऱ्या प्रणालींवर स्कॅनर चालवला. निष्कर्ष: दोष असलेलं स्ट्रट्स कुठेही नाही.

स्कॅनर खोटं बोलला नाही. त्याला मूळ फोल्डरमध्ये बघायला सांगितलं होतं, तिथे त्यानं बघितलं. स्ट्रट्स आतल्या उपफोल्डरमध्ये होतं. माळ्यावर चढलो नाही आणि घरात उंदीर नाही म्हणून सांगितलं, असा प्रकार.

मला या ओळीवर मेलच्या ओळीपेक्षा जास्त वेळ घालवावासा वाटतो. मेल पोचली नाही तेव्हा निदान एक प्रश्न उघडा होता. कोरं उत्तर आल्यावर तो बंद झाला. दुसऱ्या दिवशीच्या मासिक बैठकीत स्ट्रट्सचा विषय पुन्हा निघाला, पण तिथेही कुणाला एसीआयएसचं नाव घ्यायला निमित्त नव्हतं. 'सापडलं नाही' आणि 'नाही' हे दोन वेगळे निष्कर्ष आहेत, आणि ते वेगळे ओळखण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे: जिथे दोष आहे हे नक्की माहीत आहे अशा एका चाचणी सर्व्हरवर स्कॅनर आधी चालवायचा. तिथेही तो 'काही नाही' म्हणाला तर स्कॅनरच्या मांडणीत खोट आहे. दहा मिनिटांचं काम. आढाव्यातून निघालेल्या सुधारणांत मी ते पहिल्या पाचांत धरतो.

शून्य – १३ मे, शनिवार

हल्लेखोर त्याच दारानं आत आले आणि त्यांनी सुमारे तीस 'वेबशेल' ठेवले. वेबशेल म्हणजे सर्व्हरवर टाकलेलं एक छोटं पान, ज्याला बाहेरून आज्ञा पाठवता येतात. मूळ दार नंतर बंद केलं तरी हे उघडंच राहतं. ते ठेवल्याचं लक्षात आणून देणारी, फाइलींतल्या बदलांवर नजर ठेवणारी व्यवस्था एसीआयएसवर नव्हती.

मग त्यांना एका सामायिक फोल्डरमध्ये एक फाइल सापडली, आणि तिच्यात खात्यांची नावं आणि पासवर्ड, सगळं उघड्या अक्षरांत. एसीआयएसला कामापुरते तीन डेटाबेस लागत. त्या पासवर्डांनी हल्लेखोरांना आणखी ४८ डेटाबेसपर्यंत वाट मिळाली, कारण मधे भिंती नव्हत्या. त्यांनी सुमारे ९,००० वेळा माहिती मागितली. त्यातल्या २६५ वेळा लोकांची खासगी माहिती हाताला लागली, तीही सांकेतिक रूप न दिलेली.

हा आकडा इतिवृत्तात आला की खोलीतला सूर बदलतो. स्ट्रट्सच्या दोषानं हल्लेखोर उंबरठ्याच्या आत आले, एवढंच. तीन डेटाबेसची चोरी देशभरची झाली ती पासवर्डच्या फाइलीमुळे आणि नसलेल्या भिंतींमुळे. त्या गुरुवारची मेल वेळेत पुढे गेली असती तर ही चोरी बहुधा टळली असती. पण पुढचा असाच दोष येताच तीच फाइल तशीच पडलेली असती. मूळ कारण एकवचनी लिहायचा आग्रह धरणाऱ्यांना मी हे सांगतो. 'का, का, का' असं पाच वेळा विचारायची पद्धत कारखान्यात चांगली चालते. इथे मात्र ती हटकून एका मेलपाशी आणि एका माणसापाशी नेऊन सोडते, कारण प्रत्येक 'का'ला एकच उत्तर निवडलं जातं. मी 'आणखी काय?' असं विचारतो.

शून्यानंतर ७६ दिवस

इतके दिवस हे चालू राहिलं. चोर माहिती दाबून लहान तुकड्यांत बाहेर काढत होते, तीही सांकेतिक वाहतुकीतून. दिसली का नाही, याचं उत्तर एका प्रमाणपत्रात आहे.

इक्विफॅक्सकडे सांकेतिक वाहतूक उघडून, तपासून पुन्हा बंद करणारं यंत्र होतं. नाक्यावर ट्रकची ताडपत्री उचलून बघणाऱ्या शिपायासारखं. ताडपत्री उचलायचा परवाना म्हणजे डिजिटल प्रमाणपत्र, आणि त्याला मुदत असते. मुदत संपली तर असं यंत्र दोन प्रकारे वागू शकतं: ट्रक अडवायचे, किंवा न उघडता सोडायचे. हे यंत्र सोडत होतं. ग्राहकसेवा थांबू नये म्हणून बहुतेक कंपन्या असंच ठरवतात, आणि तो निर्णय वेडेपणाचा नाही. पण मग परवाना संपल्यावर कुणीच बोंब मारत नाही. ट्रक नेहमीसारखे जातात, फलकावर सगळं हिरवं.

प्रमाणपत्र किती दिवस संपलेलं होतं? लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात सुमारे दहा महिने आहे, प्रतिनिधिसभेच्या समितीच्या अहवालात एकोणीस. इतिवृत्तात मी दोन्ही आकडे त्यांच्या उगमासह लिहितो. सरासरी काढून चौदा लिहिणारा एक सहकारी मला भेटलाय. त्याचं नाव मी अर्थातच सांगणार नाही. त्याच समितीनुसार कंपनीत मुदत संपलेली अशी किमान ३२४ प्रमाणपत्रं होती आणि त्यांतली ७९ अतिमहत्त्वाच्या प्रणालींवर नजर ठेवणाऱ्या यंत्रांची होती. एक प्रमाणपत्र संपलं तर तो कुणाचा तरी विसर असू शकतो. ३२४ संपली म्हणजे आठवण ठेवणारी यंत्रणाच नव्हती. आकडा मोठा झाला की माणूस आपोआप चित्रातून बाहेर जातो, म्हणून आढाव्यात मी नेहमी विचारतो: 'असं आणखी कुठे आहे, मोजून सांगा.'

२९ जुलै, शनिवार

एका गटानं जॉर्जियातल्या अल्फरेटा इथल्या डेटा सेंटरमध्ये ६७ नवी प्रमाणपत्रं चढवली. ताडपत्री उचलली गेली, आणि जवळजवळ लगेच एसीआयएसच्या वाहतुकीत चीनमधल्या पत्त्याकडून येणाऱ्या संशयास्पद मागण्या दिसल्या. तो पत्ता अडवला गेला.

३० जुलै, रविवार

संशयास्पद वाहतूक थांबली नाही. आणखी एक पत्ता निघाला, तोही अडवला. एसीआयएसच्या कोडची तपासणी केली तर स्ट्रट्सशी संबंध नसलेले इतर दोषही निघाले. दुपारी १२:४१ वाजता तातडीच्या देखभालीचं कारण देऊन एसीआयएस बंद करण्यात आलं.

इथे इतिवृत्तानं कौतुक लिहायला हरकत नाही. वाहतूक दिसल्यापासून साधारण एका दिवसात, सुट्टीच्या दिवशी, चालू ग्राहकसेवा बंद करायचा निर्णय झाला. काय नीट चाललं हेही त्याच तक्त्यात, त्याच कोरडेपणानं लिहायचं. नाहीतर पुढच्या वेळी सेवा बंद करायला कुणी धजावणार नाही.

पुण्यात बसून हे वाचणाऱ्याला एक गोष्ट सांगायला हवी. भारतात सर्ट-इनच्या २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते, आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. म्हणजे 'लक्षात आल्याची वेळ' हा रकाना आपल्याकडे कायद्याचा होतो. ती वेळ कोणत्या घड्याळाची, हेही लिहा. सर्व्हर बहुधा जागतिक प्रमाणवेळ लिहितात, माणसं भारतीय वेळेत बोलतात, आणि साडेपाच तासांच्या त्या फरकात सहा तासांची जवळजवळ सगळी मुदत विरघळून जाते.

त्यानंतर

३१ जुलैला मुख्याधिकाऱ्यांना कळलं. २ ऑगस्टला मँडियंटला बोलावलं आणि एफबीआयला कळवलं. ७ सप्टेंबरला जगाला सांगितलं, तेव्हा बाधितांचा आकडा १४ कोटी ३० लाख होता. ऑक्टोबरमध्ये तो १४ कोटी ५५ लाख झाला आणि २०१८ च्या मार्चमध्ये आणखी २४ लाखांची भर पडली. आकडा वाढला म्हणजे आधीचा खोटा होता असं नाही. फक्त प्रत्येक आकड्यापुढे 'या तारखेपर्यंतच्या माहितीनुसार' असं लिहिलेलं असावं.

जुन्या कागदांत एक २०१५ चा अंतर्गत लेखापरीक्षण अहवालही होता. दुरुस्त न केलेले साडेआठ हजारांहून अधिक दोष त्यात मोजले होते, आणि दुरुस्ती झाली की नाही हे पडताळण्याऐवजी सगळं लोकांच्या शब्दावर चालतं असं निरीक्षणही नोंदवलं होतं. घटनाक्रमाची खरी पहिली ओळ ही असावी, असं मला वाटतं. आजार दोन वर्षं आधी लिहून ठेवलेला होता. त्या कागदावर कुठल्या सुधारणेची जबाबदारी कुणाकडे आणि ती पूर्ण झाली हे कोण बघणार, एवढं मात्र ठरून पक्कं झालं नव्हतं.

नाव न घेण्याच्या या पद्धतीला एक हद्द आहे. चोरी जाहीर होण्याआधी आतली माहिती वापरून शेअर विकणाऱ्या कंपनीच्या एका अधिकाऱ्याला २०१९ मध्ये ४ महिन्यांची कैद झाली. ते काम न्यायालयाचं होतं आणि ते तिथेच झालं. जाणूनबुजून केलेलं आणि काम करताना झालेलं, या दोन्हींची चौकशी एकाच खोलीत ठेवली तर दुसऱ्या प्रकारची माणसंही वकील घेऊन येतात, आणि मग मेल कुणाला गेली नव्हती हेसुद्धा कुणी सांगत नाही. हल्लेखोरांची नावंही पुढे आली: २०२० च्या फेब्रुवारीत अमेरिकेनं चिनी लष्करातल्या चौघांवर आरोपपत्र ठेवलं. आढाव्याच्या तक्त्यात त्यानं एकही ओळ बदलत नाही. दार कुणी ढकललं यावर कडी कशी बसवायची हे अवलंबून नसतं.

शेवटचं पान सुधारणांचं, आणि इथे माझा पहिला नियम उलटा होतो. मागच्या काळात नाव नको; पुढच्या काळात नाव हवंच. 'सुरक्षा विभाग लक्ष ठेवेल' ही सुधारणा नाही, ती चारशे जणांना पाठवलेली मेल आहे. एक काम, एक माणूस, एक तारीख, आणि झालं हे कशावरून कळणार याची एक ओळ. शिवाय ती ओळ तपासणारा माणूस काम करणाऱ्याहून वेगळा.

प्रमाणपत्राच्या सुधारणेचंच बघा. 'प्रमाणपत्रांची मुदत पाळावी' असं लिहिलं तर ते सहा महिन्यांनी जसंच्या तसं सापडेल. त्याऐवजी असं: प्रत्येक प्रमाणपत्राची शेवटची तारीख रोज यंत्रानंच वाचावी,

```
openssl x509 -enddate -noout -in cert.pem
```

आणि तीस दिवस उरले की अमुक व्यक्तीच्या नावानं काम उघडावं. पडताळणी: तपासणी यंत्रातून रोज एक ठरावीक खोटी 'चोरी' पाठवावी, ती पकडली गेली नाही तर घंटा वाजावी. घंटा वाजवणारी गोष्ट प्रमाणपत्रावर अवलंबून नसावी. मुदत मोजणारा प्रोग्राम बंद पडला, यादीतून एखादं प्रमाणपत्र सुटलं, यंत्र बदललं, काहीही झालं तरी ही खोटी चोरी दुसऱ्या दिवशी बोलते. महिनोनमहिने जे गप्प होतं ते चोवीस तासांत बोललं पाहिजे, एवढीच त्या ओळीची कसोटी.

सगळ्याच सुधारणा अशा सुटसुटीत नसतात. इक्विफॅक्समध्ये सुरक्षाप्रमुख कायदा विभागाच्या प्रमुखांना उत्तरदायी होते आणि सर्व्हर सांभाळणारे माहिती तंत्रज्ञान प्रमुखांना. इशारा एका वाटेनं यायचा, दुरुस्ती दुसऱ्या वाटेनं व्हायची. दोन्ही वाटा मिळायच्या त्या थेट मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर. घटनेनंतर नवे सुरक्षाप्रमुख थेट मुख्याधिकाऱ्यांच्या हाताखाली आणले गेले. ही सुधारणा कोणत्याही इंजिनिअरच्या नावानं लिहिता येत नाही. तिच्यापुढे मुख्याधिकाऱ्यांचंच नाव येतं, आणि बैठकीत ते लिहिताना कुणाचाही हात जरा अडखळतो. माझाही अडखळतो. मी ती ओळ मोठ्यानं वाचतो, कुणी हरकत घेतली तर हरकतही लिहितो, आणि पुढे जातो.

राहिली ९ मार्चची ओळ. तिच्यापुढे पाच रकाने आहेत. काय: सूचनेची यादी हातानं न सांभाळता प्रणालींच्या नोंदवहीतून आपोआप तयार व्हावी. पडताळणी: नोंदवहीतली कोणतीही एक प्रणाली उचलावी, तिच्या मालकाला चाचणीची सूचना जावी आणि त्यानं पोच द्यावी, २४ तासांत पोच आली नाही तर ती वरच्याकडे जावी. तारीख: एसीआयएससारख्या बाहेरून दिसणाऱ्या प्रणालींसाठी तीस दिवस, बाकीच्यांसाठी नव्वद. तपासणार कोण: अंतर्गत लेखापरीक्षण. 'करणार कोण' हा रकाना मी शिकवताना रिकामा ठेवतो आणि खडू पोरांच्या हातात देतो. नोंदवही सांभाळणाऱ्याचं नाव लिहावं की सूचना पाठवणाऱ्याचं, यावर दर वेळी अर्धा तास वाद होतो.